मंगळवारी आलेला 👍: एक प्रकरण अभ्यास

मंगळवारी संध्याकाळी ६.४२ वाजता रेवाने अनिकेतला व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवला:

"ऐक ना, आई विचारत होती की रविवारी तुझ्या घरचे येऊ शकतील का. म्हणजे घाई काहीच नाहीये, तुला जमेल तसं बघ. पण मला वाटतं आता एकदा भेट व्हायला हवी. तुला काय वाटतं?"

६.५० ला ब्लू टिक झाली. ७.३१ ला उत्तर आलं:

👍

रात्री सव्वानऊपर्यंत या अंगठ्याचे चार वेगवेगळे अर्थ लावून झाले होते, त्यातला एक खरा धरून उत्तरही गेलं होतं, आणि रविवारचा बेत मोडला होता.

रेवा आणि अनिकेत ही नावं काल्पनिक आहेत. माणसंही कुणा एका जोडप्यावरून घेतलेली नाहीत. माझ्याकडे समुपदेशनात पुन्हा पुन्हा समोर येणाऱ्या गोष्टी एकत्र करून हे प्रकरण उभं केलं आहे. वेळा आणि मेसेज मात्र मुद्दाम नेमके दिलेत, कारण अशा भांडणात जे काही घडतं ते त्या तपशिलांतच घडतं.

दोघं, आणि मधली रेल्वे

रेवा २९ वर्षांची, मुलुंडला आईवडिलांबरोबर राहते, लोअर परळला एका कंपनीत अकाउंट्स बघते. अनिकेत ३१ चा, नालासोपाऱ्याला आई आणि धाकट्या बहिणीबरोबर राहतो, नोकरी बीकेसीत. दीड वर्षापासून दोघं एकत्र आहेत. दोन्ही घरी माहीत आहे, पण घरच्यांची एकमेकांशी गाठ पडलेली नाही. एक मध्य रेल्वेवर, दुसरा पश्चिम रेल्वेवर. आठवड्यात फार तर एकदा दादरला भेट होते आणि शनिवारी जमलं तर जमलं. बाकीचं नातं फोनवर चालतं, त्यातही बहुतेक टाइप करून.

हे सांगायला हवं, कारण रोज एका घरात वावरणाऱ्या माणसांना एखादा कोरडा मेसेज आला तरी संध्याकाळी चेहरा दिसतो, चहा विचारला जातो, आणि मेसेजचं वजन आपोआप कमी होतं. या दोघांकडे तशी दुसरी साक्ष नव्हती. त्या दिवसापुरता अनिकेत म्हणजे तो एक अंगठाच होता.

रेवाच्या बाजूने अजून दोन गोष्टी होत्या. पहिली म्हणजे आई. रेवा आठ वाजता घरी पोचली तेव्हा आईने पोळ्या लाटता लाटता विचारलं, "काय म्हणाला गं?" आईला हो किंवा नाही एवढंच ऐकायचं होतं, आणि रेवाकडे यातलं काहीच नव्हतं. उत्तर संदिग्ध आहे हे माणूस एकटा असताना तासभर सहन करू शकतो. स्वयंपाकघरात कुणीतरी उत्तराची वाट बघत उभं असेल तर ती संदिग्धता मिटवावीच लागते, आणि मग हाताला लागेल तो अर्थ उचलला जातो.

दुसरी गोष्ट जुनी होती. रेवाचं याआधीचं नातं असंच संपलं होतं. मोठं भांडण झालं नाही, कुणी काही बोललं नाही. उत्तरं आखूड होत गेली, मग उशिरा येऊ लागली, मग बंद झाली. मानसशास्त्रात जेराल्डिन डाउनी आणि स्कॉट फेल्डमन यांनी १९९६ मध्ये या स्वभावावर लिहिलं होतं: ज्यांना नाकारलं जाण्याची धास्ती आधीपासून असते, ते जोडीदाराच्या दोन्ही बाजूंनी वाचता येईल अशा वागण्यातही मुद्दाम केलेला नकार पाहतात. मी हे रेवावर शिक्का म्हणून वापरत नाही. तिच्या अनुभवात आखूड उत्तराचा शेवट एकदा खरोखरच वाईट झाला होता, त्यामुळे तिची धास्ती वेडी नव्हती. फक्त ती दुसऱ्या माणसाच्या वागण्यातून आलेली होती आणि लागू मात्र अनिकेतला होत होती.

पावणेआठ ते सव्वानऊ

अंगठा बघितल्यावर रेवाने काय केलं ते तिने मला अगदी क्रमाने सांगितलं. आधी त्याचं "लास्ट सीन" बघितलं. मग चॅट वर सरकवत गेली आणि मागच्या वर्षीचे मेसेज काढले, ज्यात तो "हो गं, नक्की, मी बोलतो घरी" असं लिहायचा. तुलना तिथे सुरू झाली. मग स्क्रीनशॉट काढून कॉलेजच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला.

ग्रुपवर तीन मतं आली. एक म्हणाली, "थंब म्हणजे विषय बंद कर. माझा एक्स असंच करायचा." दुसरी म्हणाली, "अगं, माझे बाबा मलाही हेच पाठवतात, काही नसतं त्यात." तिसरीने सल्ला दिला, "तू पण फक्त थंब पाठव आणि गप्प बस, बघू काय करतो." या तिन्ही मतांत अनिकेत कुठेच नाही हे लक्षात घ्या. पहिलीत तिचा जुना मित्र आहे, दुसरीत वडील आहेत, तिसरीत डावपेच आहे. प्रत्येकीने अंगठा ज्या माणसाकडून पाहिला होता त्या माणसाचा अर्थ सांगितला. स्क्रीनशॉटमध्ये एक मेसेज आणि एक चित्र एवढंच जातं. त्या माणसाची सवय, त्याचा दिवस, तो आधी कसा बोलतो, यातलं काही जात नाही. म्हणून मित्रमंडळींचं मत कितीही प्रेमाचं असलं तरी या कामाला ते जवळजवळ निरुपयोगी असतं. वरून एक तोटा होतो: मत मागितलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, दहा मिनिटांत शंका परत येते, आणि मग दुसऱ्या कुणाला तरी विचारावंसं वाटतं.

९.१० ला रेवाने लिहिलं: "ठीक आहे. राहू दे मग."

९.१४ ला अनिकेतचं उत्तर आलं: "ओके"

बुधवार गेला, गुरुवार गेला. "जेवलास का", "हो" एवढंच चाललं. गुरुवारी संध्याकाळी रेवा माझ्याकडे दादरला आली, फोन टेबलावर ठेवला आणि विचारलं, "याचा अर्थ काय होतो?"

त्या बाजूला काय चाललं होतं

हे नंतर कळलं, पण इथेच सांगतो. ६.५० ला अनिकेत ऑफिसात होता, टीम लीड बाजूला उभा होता. त्याने चॅट उघडलं, वरच्या दोन ओळी वाचल्या आणि फोन खाली ठेवला. ब्लू टिक तेवढ्याने होते. २०१४ मध्ये व्हॉट्सॲपने ही निळी खूण आणली तेव्हापासून लोक ती "वाचलं आणि विचार केला" अशी समजतात. प्रत्यक्षात ती चॅट उघडलं एवढंच सांगते. ७.३१ ला तो वांद्र्याहून पकडलेल्या विरार फास्टमध्ये होता. संध्याकाळी साडेसातची विरार फास्ट ज्यांनी केली आहे त्यांना पुढचं सांगायला नको: एक हात वरच्या कडीला, बॅग छातीशी, आणि फोनवर फिरायला एकच बोट मोकळं. त्या बोटाने त्याने अंगठा पाठवला. त्याच्या डोक्यात वाक्य होतं, "वाचलं, आईशी बोलून रात्री सांगतो."

हे वाक्य अंगठ्यात मावतं असं त्याला का वाटलं? कारण त्याच्या ऑफिसच्या ग्रुपवर दिवसभर तोच अर्थ चालतो. वरिष्ठांनी काही टाकलं की सगळे अंगठा देतात. त्याचा अर्थ "पोचलं, बघतो". तिथे अंगठा न देणं हा उद्धटपणा ठरतो. रेवाच्या जगात अंगठा म्हणजे पोस्टमनला सही द्यावी तसा, जवळच्या माणसाला न देण्यासारखा.

घरी पोचल्यावर त्याने आईजवळ विषय काढला. रविवारी बहिणीचा क्लास होता, तो बदलता येईल का यावर बोलणं चाललं होतं. तेवढ्यात ९.१० चा मेसेज आला. त्याने तो शब्दशः वाचला: रविवारचं राहू दे. त्याला वाटलं, हिच्याच घरी काहीतरी बदललं असेल. म्हणून "ओके". आईला म्हणाला, "नको, कॅन्सल झालंय." आईचा चेहरा पडला, आणि आता तोही थोडा दुखावला.

तर या प्रकरणात चुकीचं वाचन दोन वेळा झालं. पहिलं इमोजीचं, दुसरं साध्या मराठी वाक्याचं. लोक इमोजीला दोष देतात, पण "राहू दे मग" हे शब्दांत लिहिलेलं वाक्यसुद्धा त्याला कळलं नाही, कारण त्यातला राग लिहिलेला नव्हता, तो फक्त पूर्णविरामांत होता. बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या सीलिया क्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्णविरामावर एक प्रयोग केला होता: इंग्रजी टेक्स्टमधलं एका शब्दाचं उत्तर पूर्णविरामाने संपवलं तर वाचणाऱ्यांना ते कमी मनापासूनचं वाटलं, तेच हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत असलं तर असा फरक पडला नाही. रेवाने ते दोन पूर्णविराम मुद्दाम टाकले होते. अनिकेत पूर्णविरामांकडे लक्ष देणाऱ्यांतला नाही, त्यामुळे त्याला ते दिसलेच नाहीत.

मूळ मेसेज पुन्हा वाचला

गुरुवारी रेवाला वाटत होतं की आम्ही अंगठ्यावर बोलू. मी तिला तिचा ६.४२ चा मेसेज मोठ्याने वाचायला सांगितला आणि विचारलं, यात प्रश्न किती आहेत?

तिने मोजले. रविवारी घरचे येतील का, हा पहिला. "घाई नाहीये, जमेल तसं बघ" हा प्रश्न नाही, पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर आत्ता नको असं सांगणारी सूट आहे. भेट व्हायला हवी हे तिचं मत आहे. आणि "तुला काय वाटतं?" हा शेवटचा प्रश्न, ज्याचं उत्तर हो-नाहीत देताच येत नाही. आता अंगठा यातल्या कशाला चिकटवायचा? पहिल्याला लावला तर "रविवारी येतो". दुसऱ्याला लावला तर "बरं, बघतो जमेल तसं". तिसऱ्याला लावला तर "हो, भेट व्हायला हवी". चौथ्याला लावला तर त्याला अर्थच नाही, आणि म्हणूनच तो टाळल्यासारखा दिसतो. रेवाने तो चौथ्याला लावला होता. अनिकेतने तो दुसऱ्याला दिला होता, आणि ती सूट रेवानेच दिलेली होती.

थोडा वेळ थांबून ती म्हणाली, "खरं तर मला विचारायचं होतं की तू याबाबतीत सीरियस आहेस ना." हा पाचवा प्रश्न. तो मेसेजमध्ये कुठेच नव्हता, आणि तिच्या लेखी अंगठा त्याच प्रश्नाचं उत्तर होता.

माझ्या मते एका इमोजीचा कीस पाडला जातो त्याचं मुख्य कारण हे आहे. "पोचलास का?" याला आलेल्या अंगठ्यावर कुणी रात्र काढत नाही. लिहिलेला प्रश्न लहान आणि मनातला मोठा असला की उत्तर लहान प्रश्नाच्या मापाने येतं आणि मोजलं मात्र मोठ्या प्रश्नाच्या मापाने जातं. मोठा प्रश्न "घाई नाहीये" असं म्हणत लपवण्यामागे कारणही असतं: सरळ विचारलं आणि नकार आला तर काय? म्हणजे नकारापासून वाचण्यासाठी प्रश्न झाकला जातो, आणि झाकल्यामुळेच जे उत्तर येतं त्यात नकार वाचता येतो.

पाठवणाऱ्याला आपण झाकलंय हे कळत मात्र नाही. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये केलेला एक प्रयोग यावर बोलका आहे. लोकांना ईमेलमधून काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधाने पाठवायला सांगितलं. पाठवणाऱ्यांचा अंदाज होता की वाचणाऱ्यांना सुमारे ७८ टक्के वेळा सूर बरोबर ओळखता येईल. प्रत्यक्षात तो ५६ टक्के वेळा ओळखता आला. नाणं उडवलं असतं तरी ५० टक्के मिळाले असते. आवाजातून तीच वाक्यं सांगितली तेव्हा अंदाज आणि निकाल जवळजवळ जुळले. लिहिताना आपल्या डोक्यात आपलाच आवाज वाजत असतो, म्हणून वाटतं की तो कागदावरही उतरला आहे. रेवाच्या डोक्यात तिचा हळवा आवाज होता, अनिकेतच्या डोक्यात त्याचं "रात्री सांगतो" हे वाक्य. स्क्रीनवर यातलं काहीच नव्हतं.

इमोजीबाबत तर चित्र एकच असूनही एकमत नसतं. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये लोकांना चेहऱ्यांच्या इमोजी दाखवून त्यांचा भाव विचारला. अगदी तेच चित्र, त्याच कंपनीच्या फोनवरचं, दोघांना दाखवलं तरी ते चांगल्या भावाचं आहे, वाईट की मधलंच, यावर सुमारे चारातल्या एका वेळी मतभेद झाले. अंगठ्याचं तर युनिकोड या अक्षरं-चिन्हांच्या जागतिक यादीत फक्त नाव नोंदलेलं आहे. तो मान्यता आहे, पोच आहे की निरोप, हे कुठल्याच तक्त्यात लिहिलेलं नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. व्हॉट्सॲपवर एकटा इमोजी पाठवला की तो शब्दांपेक्षा बराच मोठा दिसतो. अनिकेतने कीबोर्डवरचं नखाएवढं चित्र दाबलं. रेवाच्या स्क्रीनवर तिच्या चार ओळींखाली एक भलामोठा अंगठा उभा राहिला. हलक्या हाताने दिलेली पोच त्या आकारामुळे ठामपणे बंद केलेल्या दारासारखी दिसली.

मग तपासायचं काय?

त्याची स्वतःची सवय. एवढी एकच तपासणी मी रेवाला करायला दिली, पण नीट.

ती आधीच चॅट वर सरकवून आली होती, म्हणून तिला वाटलं हे झालंय. झालं नव्हतं. तिने मागच्या वर्षीचे सगळ्यात गोड मेसेज शोधले होते आणि आजच्या अंगठ्यासमोर ठेवले होते. अशा तुलनेत कुठलाही मंगळवार हरणारच. मी तिला फक्त गेल्या महिन्याभरातले अनिकेतचे अंगठे शोधायला सांगितले, आणि प्रत्येकाजवळ दोन गोष्टी बघायला: वेळ काय होती, आणि त्यानंतर प्रत्यक्षात काय झालं.

तिने तिथेच बसून शोधले. महिन्याभरात नऊ अंगठे निघाले. त्यातले सात संध्याकाळी सात ते साडेआठच्या मधले. "शनिवारी सिनेमाचं बघतोस?" 👍, आणि रात्री दहाला तिकिटांचा फोटो. "आईच्या औषधाचं नाव पाठव ना" 👍, आणि नऊ वाजता चिठ्ठीचा फोटो. जवळजवळ प्रत्येक अंगठ्यामागे घरी पोचल्यावर केलेलं काहीतरी काम होतं. म्हणजे या माणसाचा ट्रेनमधला अंगठा हा "घरी गेल्यावर करतो" असा होता, आणि तो करतही होता. नवव्या वेळी रेवाने ते करायला वेळच दिला नाही.

मग मी तिला तिने पाठवलेले अंगठे बघायला सांगितले. तेही निघाले, भावाला, सहकाऱ्यांना, आणि दोनदा अनिकेतलासुद्धा. "तेव्हा मी क्लोजिंगमध्ये होते," ती लगेच म्हणाली. आपल्या आखूड उत्तरामागे परिस्थिती असते, समोरच्याच्या आखूड उत्तरामागे त्याचं मन असतं. हा हिशोब सगळेच असाच मांडतात, आणि आपले पाठवलेले मेसेज डोळ्यांसमोर आले की तो मांडणं जरा अवघड होतं.

सवयीवरून अर्थ लावण्याची पद्धत न्यायालयानेही वापरली आहे, आणि तीही नेमकी अंगठ्यावर. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात एका धान्य खरेदी कंपनीने एका शेतकऱ्याला जवसाच्या कराराचा फोटो पाठवला आणि तो पक्का आहे का ते कळवा असं लिहिलं. त्याने 👍 पाठवला. माल दिला नाही. त्याचं म्हणणं, अंगठा म्हणजे करार मिळाला एवढंच. २०२३ मध्ये न्यायाधीशांनी त्याला ८२ हजार कॅनेडियन डॉलरहून जास्त भरपाई द्यायला लावली. निकालात वजन पडलं ते दोघांच्या आधीच्या व्यवहारांचं: पूर्वी अशाच मेसेजना तो "ओके", "यप" असं दोन अक्षरी उत्तर द्यायचा आणि माल पोचवायचा. अंगठ्याचा सर्वसाधारण अर्थ काय यापेक्षा या दोघांमध्ये आखूड उत्तराचा अर्थ काय होत आला, हे पाहिलं गेलं. गंमत म्हणजे शेतकरी जो अर्थ सांगत होता तोच अनिकेतचा खरा अर्थ होता. फरक मागच्या व्यवहारात होता.

शुक्रवारचा फोन

सवय तपासून शक्यता कळते, खात्री होत नाही. खात्रीसाठी विचारावंच लागतं. रेवाने लिहून आणलेला मेसेज होता: "तू मला नुसता थंब का पाठवलास?" मी तो न पाठवण्याचा सल्ला दिला. या प्रश्नाला उत्तर म्हणून फक्त सफाई येऊ शकते. "ट्रेनमध्ये होतो" हे उत्तर खरं असूनही तिला अपुरं वाटलं असतं, कारण तिचा प्रश्न ट्रेनचा नव्हताच.

त्याऐवजी आधी स्वतःचा झाकलेला प्रश्न काढायचा आणि तो आवाजात विचारायचा असं ठरलं. शुक्रवारी रात्री साडेनऊला, तो घरी पोचून जेवल्यावर, तिने फोन केला. तिच्या शब्दांत, साधारण असं झालं:

"अरे, मंगळवारचा तुझा थंब मी 'नको' असा वाचला. तू तो कशासाठी दिला होतास?"

"अगं, मी आईशी बोलणार होतो ना! बोलतच होतो. तू राहू दे म्हणालीस."

"मी चिडून म्हणाले होते."

"ते मला कसं कळणार?"

मग थोडं भांडण झालं, ते व्हायलाच हवं होतं. शेवटी तिने पाचवा प्रश्न विचारला. अनिकेत बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला की भेटीला त्याची ना नाही, पण आईला मुलुंडच्या घरी अवघडल्यासारखं होईल असं त्याला वाटतं. नालासोपाऱ्याचं घर एका खोलीचं आहे, आणि आपण आधी तिकडे गेलो की मग इकडे बोलवावं लागेल. ही खरी गोष्ट कुठल्याच अंगठ्यात नव्हती आणि कितीही निरखून पाहिलं असतं तरी सापडली नसती. भेट पुढच्या रविवारी ठरली, दादरला, एका हॉटेलात, दोन्ही घरांना मधल्या जागी.

या फोनमधलं पहिलं वाक्य बघा. "मी असा वाचला" असं म्हटल्यावर चूक वाचणाऱ्याकडे राहते, म्हणून समोरचा सफाईला न बसता सरळ सांगतो. मी हे वाक्य बऱ्याच जणांना देतो. ते पाठ केल्यासारखं म्हटलं तर चालत नाही, आणि रात्री अकरानंतर म्हटलं तर अजिबातच नाही.

दोघांनी स्वतःहून एक सोय करून घेतली. महत्त्वाचं काही असेल तर रेवा ते वेगळ्या मेसेजमध्ये लिहिते, एका मेसेजमध्ये एकच प्रश्न. मग अनिकेत त्या मेसेजवर बोट दाबून धरतो आणि रिॲक्शन देतो. २०२२ पासून ही सोय आहे, आणि तिचा मोठा फायदा हा की अंगठा नेमका कुठल्या वाक्याला दिलाय ते दिसतं. सुटा पाठवलेला अंगठा सगळ्या मजकुराच्या खाली पडतो.

दुसरा अंगठा

दोन महिन्यांनी पुन्हा अंगठ्याचाच विषय निघाला, आणि या वेळी रेवाची शंका बरोबर होती.

लग्नानंतर राहायला ठाण्याला भाड्याने घर घ्यायचं चाललं होतं. रेवाने डिपॉझिटचं विचारलं, निम्मे निम्मे भरू या का. 👍. चार दिवसांनी परत विचारलं. 👍. मग एका ब्रोकरचा मेसेज पुढे पाठवला. 👍. मागच्या वेळच्या अनुभवामुळे ती स्वतःलाच समजावत होती की मी उगाच जास्त विचार करते आहे.

पण या वेळी सवयीशी ताडून पाहिलं तर चित्र उलटं होतं. हे अंगठे ट्रेनच्या वेळेचे नव्हते. एक रविवारी दुपारी आलेला, एक रात्री अकराला. त्यांच्यामागून काहीच येत नव्हतं, ना फोटो, ना फोन. फक्त या एकाच विषयावर ते येत होते. बाकी गप्पा पूर्वीसारख्याच लांबलचक चालू होत्या. आणि प्रत्यक्ष भेटीतही घराचा विषय निघाला की तो बिलाकडे बघायचा. एक अंगठा काही सांगत नाही. एकाच विषयावर, सवय मोडून, पुन्हा पुन्हा, आणि समोरासमोरही तसंच वागणं, हे चारही जुळले की ते काहीतरी सांगतं. काय सांगतं ते मात्र तरीही कळत नाही. रेवाचा पहिला अंदाज होता की त्याला लग्नच नको आहे.

तिने या वेळी स्क्रीनशॉट कुणाला पाठवला नाही. शनिवारी दादरला भेटल्यावर विचारलं, "डिपॉझिटचं काढलं की तू गप्प होतोस असं मला दिसतंय. पैशांचं काही आहे का, की घराचं?"

पैशांचं होतं. साठवलेल्यातला मोठा भाग बहिणीच्या फीमध्ये गेला होता, आणि ते रेवाला सांगायची त्याला लाज वाटत होती. ठाण्याऐवजी आता ते डोंबिवलीला घर बघत आहेत.